एचडीआर चित्र कधी अंधारं, कधी फिकट का दिसतं? टोन मॅपिंगची गोष्ट

एकाच चित्रपटाच्या दोन प्रती घ्या, एक साधी म्हणजे एसडीआर आणि दुसरी, जिच्यात उजेडाचा पल्ला जास्त मोठा असतो ती, एचडीआर. एकाच टीव्हीवर, एकाच खोलीत, संध्याकाळी दिवा लावलेला असताना एकामागोमाग एक लावून बघा. पुष्कळदा साधी प्रत छान उजळ दिसते आणि जिच्यासाठी जास्तीचे पैसे मोजले ती एचडीआर प्रत झाकोळल्यासारखी दिसते. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं टीव्हीच खराब निघाला. रिमोट घेऊन ब्राइटनेस वाढवायला गेलो तर बॅकलाइट आधीच शंभरावर होता. वाढवायला जागाच उरली नव्हती.

टीव्ही खराब नव्हता. एचडीआर चित्र बिघडलेलं दिसतं तेव्हा बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण असतं, आणि दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत. पहिला प्रकार अंधाऱ्या चित्राचा. त्यात रंग ठीक असतात, काळा काळाच असतो, पण सगळं मंद वाटतं. दुसरा प्रकार फिकट चित्राचा. त्यात कपडा वारंवार धुवून विटावा तसे रंग दिसतात आणि सगळ्यावर राखाडी पडदा धरल्यासारखा वाटतो. पहिल्यात टोन मॅपिंगची, म्हणजे चित्रातला उजेड टीव्हीच्या आवाक्यात बसवण्याची, सेटिंगं कामाला येतात. दुसऱ्यात बहुतेकदा टोन मॅपिंग झालेलंच नसतं. लोक या दोन्हींना एकाच नावाने हाक मारतात आणि मग चुकीचं बटण फिरवत बसतात, म्हणून आधी अंधाराचं मूळ नीट पाहू.

‘पांढरा’ म्हणजे किती पांढरा?

पडद्याचा उजेड निट या एककात मोजतात. एसडीआर चित्रपट तयार करताना स्टुडिओतल्या मॉनिटरवर सगळ्यात पांढरा रंग १०० निटचा धरलेला असतो. पण एसडीआरच्या फाइलमध्ये ‘१०० निट’ असं कुठेही लिहिलेलं नसतं. तिच्यात फक्त प्रमाण असतं, म्हणजे हा शर्ट पूर्ण पांढऱ्याच्या इतका, हा चेहरा तितका. पूर्ण पांढरा म्हणजे नेमका किती उजेड, हे तुमचा टीव्ही ठरवतो. दिवाणखान्यात उजेड असतो म्हणून आपण बॅकलाइट वर नेतो, आणि पांढरा रंग सहज ३०० निटवर जाऊन बसतो. त्याच्यासोबत अख्खं चित्र तिप्पट उजळतं. आपल्याला ते नैसर्गिकच वाटतं, कारण वर्षानुवर्षं आपण टीव्ही असाच बघत आलो आहोत.

एचडीआरचा बहुतेक चित्रपट ज्या पद्धतीत साठवलेला असतो तिला पीक्यू म्हणतात. डॉल्बीने ती विकसित केली आणि २०१४ मध्ये तिचं मानक निघालं. पीक्यूमध्ये प्रमाण नसतं, थेट निटचा आकडा असतो. फाइलमधली प्रत्येक किंमत म्हणजे एक ठरलेला उजेड, शून्यापासून १०,००० निटपर्यंत. फाइल म्हणते, इथे ५८ निट दाखव. टीव्हीने प्रामाणिकपणे ५८ दाखवायचे. खोलीत दिवा आहे की अंधार, याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

आता एक दृश्य घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून ठेवू. एक माणूस खिडकीजवळ उभा आहे. अंगात पांढरा शर्ट, चेहऱ्याची अर्धी बाजू सावलीत. खिडकीच्या पडद्यावर थेट ऊन पडलंय, आणि बाहेर चमकणारा ढग दिसतोय.

एसडीआर प्रतीत, स्टुडिओच्या मॉनिटरवर चेहरा साधारण २९ निटचा, शर्ट ५८ निटचा, आणि ढग १००च्या छताला टेकलेला. त्याच्यावर जायला जागाच नाही म्हणून ढगातला सगळा तपशील पांढऱ्यात विरून गेलेला. घरी बॅकलाइट वाढवलेल्या टीव्हीवर हेच चित्र तिप्पट होतं. चेहरा ८८ निटच्या आसपास, शर्ट १७५च्या आसपास, ढग ३००.

एचडीआर प्रत करताना रंगसंस्कार करणारा कलाकार सहसा चेहरा आणि शर्ट फार हलवत नाही. माणसाचा चेहरा दिव्यासारखा पेटलेला कोणालाच नको असतो. म्हणून चेहरा तिथेही २९ निट, शर्ट ५८ निट. फरक पडतो तो उन्हातल्या पडद्यात आणि ढगात. पडदा धरू ३०० निटचा, ढग ९०० निटचा. एचडीआरची खरी कमाई ती हीच, ढगाच्या कडा आणि पोत आता दिसतात.

पण घरच्या टीव्हीवर पीक्यूचं काटेकोर पालन झालं तर चेहरा २९ निटच दिसणार. दहा मिनिटांपूर्वी एसडीआरमध्ये तोच चेहरा ८८ निटचा होता! म्हणजे ढग सोडला तर चित्रातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट एक तृतीयांशावर आली. टीव्हीने काही चूक केलेली नाही. उलट त्याने पहिल्यांदाच सांगितलेलं तंतोतंत ऐकलं. स्टुडिओतली खोली जवळजवळ अंधारी असते. आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार पडद्याभोवतीचा उजेड जेमतेम ५ निटचा असावा. तिथे २९ निटचा चेहरा भरपूर उजळ वाटतो. तुमच्या खोलीतल्या ट्यूबलाइटच्या उजेडात तो बुडतो.

हे एकदा समजलं की बाकीचं बरंच सोपं होतं. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे दिवा मालवणं, आणि मी तो गमतीने सांगत नाहीये. अंधाऱ्या खोलीत डोळ्यांना पाच-दहा मिनिटं दिली की हेच ‘अंधारं’ चित्र भरायला लागतं. पण घरात चार माणसं असतात, कोणी जेवत असतं, कोणी अभ्यास करत असतं. तिथे सेटिंगांकडेच जावं लागतं.

टीव्हीची दुसरी अडचण: छत ठेंगणं

आतापर्यंत आपण ढगाकडे दुर्लक्ष केलं. फाइल म्हणते ढग ९०० निटचा. तुमचा टीव्ही मात्र जास्तीत जास्त ४०० निट देऊ शकतो. बाजारातले कितीतरी एचडीआर टीव्ही याच्या आसपासचे असतात. ‘एचडीआर’ हा शिक्का एवढंच सांगतो की तो सिग्नल टीव्हीला वाचता येतो. तो उजेड पाडता येतो असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. मग ४००च्या वरचं सगळं कुठे ठेवायचं?

एक मार्ग म्हणजे छाटून टाकणं. ४००च्या वरचं सगळं ४००च. चित्र कमाल उजळ राहतं, पण ढग पुन्हा सपाट पांढरा होतो. दुसरा मार्ग म्हणजे वरचा भाग दाबून बसवणं. काही ठरावीक उजेडापर्यंत फाइलचं ऐकायचं, तिथून पुढे वक्ररेषा हळूहळू वाकवत न्यायची, म्हणजे ९०० निटचा ढगही ४००च्या आत कुठेतरी बसतो आणि त्यातला पोत थोडाफार टिकतो. या दाबून बसवण्यालाच टोन मॅपिंग म्हणतात. रेषा जिथून वाकायला लागते त्या जागेला आपण गुडघा म्हणू.

सगळा खेळ हा गुडघा कुठे ठेवायचा याचा आहे. त्यासाठी टीव्हीला आधी कळायला हवं की या चित्रपटात उजेड जास्तीत जास्त कुठवर जातो. एचडीआर१० प्रकारात ही माहिती अख्ख्या चित्रपटासाठी एकदाच दिलेली असते, पाकिटावरच्या लेबलासारखी. त्यात चित्रपट ज्या मॉनिटरवर घडवला त्याची कमाल क्षमता लिहिलेली असते, साधारणपणे १,००० किंवा ४,००० निट. शिवाय चित्रपटातला सगळ्यात उजळ बिंदू किती निटचा, हाही एक आकडा असू शकतो. पण तो पुष्कळदा भरलेला नसतो, शून्यच असतो. मग टीव्ही मॉनिटरच्या आकड्यावर भरवसा ठेवतो.

इथेच गडबड होते. समजा आपला चित्रपट ४,००० निटच्या मॉनिटरवर घडवला. आपल्या दृश्यात ९००च्या वर काहीच नाही. पण टीव्हीला लेबलावर ४,००० दिसतात, आणि तो घाबरून ४,०००पर्यंतची जागा राखून ठेवतो. एखाद्या न येणाऱ्या पाहुण्यासाठी अर्धं घर रिकामं ठेवावं तसं.

आकड्यांत बघायचं तर बीटी.२३९० नावाच्या प्रसिद्ध शिफारशीतली वक्ररेषा घेऊन मी गणित मांडलं. टीव्ही ४०० निटचा, लेबल ४,०००चं, तर गुडघा साधारण १२० निटवर येतो. म्हणजे १२०च्या वरचं सगळं दाबायला सुरुवात. उन्हातला पडदा जो ३०० निटचा असायला हवा होता, तो सुमारे २४०वर उतरतो. खरं तर ३०० निट हा टीव्ही अगदी आरामात दाखवू शकतो! पण न आलेल्या ४,०००साठी जागा सोडायची म्हणून त्याने हात आखडला. आता त्याच टीव्हीला कोणीतरी सांगितलं की या दृश्यात ९००च्या वर काही नाही, तर गुडघा २६०च्या आसपास सरकतो आणि पडदा जवळजवळ ३००चा ३०० राहतो.

या वक्ररेषेत १२०च्या खालचा चेहरा आणि शर्ट अजिबात हलत नाहीत. म्हणजे चेहऱ्याचा अंधार हा टोन मॅपिंगने आणलेला नाही, तो पीक्यू आणि तुमच्या खोलीतल्या उजेडाचा आहे. टोन मॅपिंगने जे जातं ते पडदा, आकाश, दिवे, पाण्यावरची चमक यांचं तेज. दोन्ही मिळून आपल्याला ‘चित्र मेलं’ असं वाटतं. प्रत्येक कंपनीची वक्ररेषा वेगळी असते आणि काही टीव्ही १२०च्या कितीतरी खालूनच वाकवायला लागतात. तिथे चेहराही सुटत नाही.

टीव्हीच्या मेनूत काय शोधायचं

आता तुम्हाला कळेल की डायनॅमिक टोन मॅपिंग नावाचं सेटिंग नेमकं काय करतं. ते लेबलावर विश्वास ठेवत नाही. प्रत्येक दृश्य, कधीकधी प्रत्येक फ्रेम, टीव्हीचा प्रोसेसर स्वतः मोजतो आणि त्यानुसार गुडघा सरकवतो. खिडकीचं दृश्य आलं की त्याला ९०० दिसतात. पुढच्या दृश्यात फक्त मेणबत्ती असेल आणि कमाल २०० निटच असतील, तर वाकवायची गरजच नाही. याशिवाय बहुतेक टीव्ही हे सेटिंग चालू असताना मधला भागही थोडा उचलतात, म्हणून चेहराही २९ वरून वर येतो. उजेड असलेल्या खोलीसाठी मला हेच एक सेटिंग सगळ्यात उपयोगी वाटतं.

नावं मात्र ठिकठिकाणी वेगळी. एलजीच्या टीव्हीत `Dynamic Tone Mapping` असतं, आणि त्यात `On`, `Off` आणि `HGIG` असे पर्याय दिसतात. सॅमसंगच्या अलीकडच्या टीव्हीत `HDR Tone Mapping` खाली `Static` आणि `Active` असे दोन पर्याय असतात. त्यातला `Active` म्हणजे हा डायनॅमिक. सोनीच्या टीव्हीत `HDR tone mapping` खाली `Gradation preferred` आणि `Brightness preferred` असतं. पहिल्यात ढगातला पोत जपला जातो, दुसऱ्यात उजेड. मेनू बघताना एक काळजी घ्या. हे पर्याय एचडीआर चित्र चालू असतानाच दिसतात किंवा निवडता येतात. एसडीआर बातम्या लावून शोधाल तर ते सापडणारच नाहीत, आणि सापडलेल्या बाकीच्या सेटिंगांमध्ये केलेला बदल एचडीआरला लागूही होत नाही, कारण टीव्ही दोन्हींची सेटिंगं वेगवेगळी जपून ठेवतो. हे माहीत नसल्यामुळे एक अख्खी संध्याकाळ मी वाया घालवली आहे.

टोन मॅपिंगकडे जाण्याआधी वीज वाचवणारं सेटिंग बंद आहे ना ते बघा. अंधाऱ्या एचडीआरचं हे सगळ्यात साधं आणि सगळ्यात जास्त वेळा सुटणारं कारण आहे. नवा टीव्ही डब्यातून निघतो तेव्हा ते बहुधा चालूच असतं. खोलीचा उजेड मोजणारा सेन्सरही पुष्कळदा त्याच मेनूत असतो. एसडीआरमध्ये बॅकलाइट थोडा खाली आला तरी निभावतं. एचडीआरमध्ये मात्र ४०० निटचा टीव्ही २५० निटचा होतो, आणि वर पाहिलेलं सगळं गणित आणखी बिघडतं. म्हणून एचडीआर चालू करा, वीजबचत बंद करा, बॅकलाइट किंवा ओएलईडी लाइट कमाल ठेवा, पिक्चर मोड सिनेमा किंवा फिल्ममेकर निवडा, आणि मग टोन मॅपिंगचे पर्याय आळीपाळीने लावून बघा. फिल्ममेकर मोड मुळात स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीशी इमान राखणारा आहे. दिवसा तो अंधारा वाटला तर आश्चर्य नको. तेव्हा सिनेमा मोडमध्ये डायनॅमिक चालू करणं जास्त बरं.

परीक्षा कशी करायची? एखादा उजळ ढग किंवा उन्हातलं बर्फ असलेलं दृश्य थांबवा आणि सेटिंग बदला. दोन गोष्टींकडे लक्ष द्या. सावलीतला चेहरा वर आला का, आणि ढगातल्या रेषा टिकल्या का. दोन्ही झालं तर सोनंच. चेहरा वर आला पण ढगाचा पांढरा गोळा झाला, तर ते सेटिंग छाटतंय. मग एक रात्रीचं दृश्य लावा आणि न थांबवता चालू द्या. डायनॅमिकचा दोष तिथे दिसतो. माणूस टॉर्च घेऊन फ्रेममध्ये आला की मागची भिंत हळूच काळवंडते, टॉर्च बाहेर गेली की पुन्हा उजळते. टीव्ही गुडघा सरकवतोय हे डोळ्यांना कळायला लागतं. तसंच दिग्दर्शकाने मुद्दाम काळोखी ठेवलेली रात्र संध्याकाळसारखी दिसू शकते. रात्री दिवे मालवून बघताना मी डायनॅमिक बंद करतो आणि तुम्हालाही तेच सुचवेन.

डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०+ या एचडीआरच्या दुसऱ्या प्रकारांत दृश्यागणिक माहिती फाइलसोबतच येते, टीव्हीला अंदाज बांधावा लागत नाही. त्यामुळे लेबलाचा घोळ तिथे फारसा होत नाही. पण पीक्यूचा मूळ प्रश्न तसाच राहतो, चेहरा २९चा २९. म्हणूनच डॉल्बी व्हिजनचे पिक्चर मोडही सहसा एक अंधाऱ्या खोलीसाठी आणि एक उजेडासाठी असे दोन असतात, आणि खोलीचा उजेड मोजून चित्र उचलणारा डॉल्बी व्हिजन आयक्यू हा प्रकार त्यासाठीच निघाला. इथे सेन्सर उपयोगाचा आहे, त्याला बंद करू नका. बीबीसी आणि जपानच्या एनएचकेने मिळून बनवलेल्या एचएलजी पद्धतीत मात्र पुन्हा प्रमाणच असतं, थेट निट नसतात. म्हणून एचएलजीमधलं थेट प्रक्षेपण अशा खोलीत पीक्यूपेक्षा कमी झाकोळतं.

ओएलईडी टीव्हीवर आणखी एक गोष्ट होते जी टोन मॅपिंगने सुधारत नाही. छोटा उजळ भाग तो झकास चमकवतो, पण अख्खा पडदा पांढरा झाला, बर्फाचं मैदान किंवा बर्फावरची हॉकी, की वीज आणि उष्णता आवरण्यासाठी तो आपोआप उजेड कमी करतो. बर्फात अंधारतं आणि माणसं आत गेली की पुन्हा ठीक होतं, असं दिसलं तर ते हेच आहे. मेनूत त्याला औषध नाही.

गेम खेळताना उलटं करा

गेममध्ये डायनॅमिक टोन मॅपिंग चालू ठेवू नका. चित्रपट आधीच बनून आलेला असतो, गेम मात्र तिथल्या तिथे चित्र बनवत असतो आणि तुमच्या टीव्हीचं छत किती हे त्याला विचारता येतं. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्समध्ये एचडीआर जुळवायचा एक पडदा असतो. एक चिन्ह दिसेनासं होईपर्यंत उजेड वाढवत न्यायचा. टीव्ही ४००वर छाटत असेल तर ४००च्या पुढे ते चिन्ह पार्श्वभूमीत मिसळून जातं, आणि कन्सोलला कळतं की छत ४००चं आहे. मग गेम स्वतःच ढग ४००च्या आत नीट बसवून पाठवतो.

आता टीव्हीवरही डायनॅमिक चालू असेल तर दोनदा दाबणं होतं. गेमने एकदा वाकवलं, टीव्हीने पुन्हा वाकवलं, आणि चित्र निस्तेज. जुळवणीच्या पडद्यावरही चूक होते, कारण टीव्ही वाकवत असेल तर ते चिन्ह १,००० किंवा त्याहून वर नेलं तरी दिसतच राहतं. एलजीतला `HGIG` पर्याय याच्यासाठीच आहे. त्यात टीव्ही म्हणतो, मी काही वाकवणार नाही, माझ्या छतापर्यंत जे येईल ते जसंच्या तसं दाखवीन. क्रम मात्र पाळा. आधी टीव्हीत `HGIG` किंवा टोन मॅपिंग बंद, मग कन्सोलची जुळवणी.

फिकट चित्र: इथे टोन मॅपिंग झालेलंच नाही

आता दुसरा प्रकार. लॅपटॉपवर, जुन्या टीव्हीवर किंवा फाइलचं रूपांतर केल्यावर चित्र राखाडी, मळकट, रंगहीन दिसतं. इथे बहुतेकदा पीक्यूमधले आकडे कोणीतरी एसडीआरचे समजून वाचलेले असतात.

आपलंच दृश्य घ्या. २९ निटचा चेहरा पीक्यूमध्ये मोजपट्टीच्या साधारण ३९ टक्क्यांवर लिहिलेला असतो, ५८ निटचा शर्ट ४५ टक्क्यांवर आणि ९०० निटचा ढग ७४ टक्क्यांवर. पीक्यूला १०,०००पर्यंत जायचं असतं म्हणून १००पर्यंतचं सगळं नेहमीचं जग तिने खालच्या अर्ध्यात कोंबलेलं असतं. एसडीआरच्या नियमाने हे आकडे वाचले की चेहरा पूर्ण पांढऱ्याच्या १० टक्के, शर्ट १५ टक्के आणि ढग जेमतेम ५० टक्के दिसतो. शर्ट चेहऱ्याच्या दुप्पट उजळ होता, आता फक्त दीडपट. ढग चेहऱ्याच्या तीसपट होता, आता पाचपट. फरक मेले आणि चित्र सपाट झालं. रंगांचंही तसंच. एचडीआरचे आकडे बीटी.२०२० या मोठ्या रंगपेटीच्या हिशेबाने लिहिलेले असतात. लहान पेटीच्या हिशेबाने वाचले की लालभडक गोष्टही विटलेली दिसते.

खूण अगदी सोपी आहे. टीव्हीवर एचडीआर सुरू होताना कोपऱ्यात एचडीआरचं चिन्ह येतं किंवा पिक्चर मोडच्या नावापुढे एचडीआर लागतं. चित्र फिकट आहे आणि ते चिन्ह आलेलंच नाही, तर सिग्नल एचडीआर म्हणून पोचलेला नाही. अशा वेळी कॉन्ट्रास्ट आणि सॅच्युरेशन वाढवत बसू नका. वाढवून सुधारल्यासारखं वाटतं, पण पुढच्याच दृश्यात चेहरे नारिंगी होतात.

फाइल संशयास्पद असेल तर ती काय म्हणते ते एफएफएमपेगसोबत येणाऱ्या `ffprobe` या कमांडने विचारता येतं:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=color_transfer,color_primaries -of default=nw=1 film.mkv
```

उत्तरात `smpte2084` आलं तर फाइल पीक्यू आहे, `arib-std-b67` आलं तर एचएलजी. `bt709` किंवा `unknown` आलं आणि चित्र फिकट आहे, तर कोणीतरी रूपांतर करताना आकडे पीक्यूचेच ठेवले आणि लेबल हरवलं. प्लेयरला बिचाऱ्याला कळणार तरी कसं? अशी फाइल पुन्हा मूळ प्रतीवरून नीट करून घेणंच बरं.

फाइल ठीक आहे पण पडदा एसडीआर आहे, असं असेल तर टोन मॅपिंग प्लेयरनेच करायला हवं. एमपीव्ही हा व्हिडिओ प्लेयर ते चांगलं करतो. त्याच्या सेटिंगांच्या `mpv.conf` फाइलमध्ये एवढं पुरतं:

```
vo=gpu-next
tone-mapping=bt.2390
hdr-compute-peak=yes
target-peak=203
```

दुसरी ओळ आपण वर गणित केलं ती वक्ररेषा निवडते. तिसरी लेबलावर न विसंबता प्रत्येक दृश्याचा कमाल उजेड मोजायला सांगते, म्हणजे टीव्हीतल्या डायनॅमिकचंच काम. चौथ्या ओळीतला आकडा म्हणजे तुमच्या पडद्याचा पूर्ण पांढरा फाइलमधल्या किती निटच्या बरोबरीचा धरायचा. २०३ हा एचडीआरमध्ये साध्या पांढऱ्या कागदासाठी शिफारस केलेला उजेड आहे. चित्र अंधारं वाटलं तर हा आकडा कमी करा, १५० किंवा १०० करून बघा. चेहरा वर येईल, त्याची किंमत ढग मोजेल. लोक इथे नेमकं उलटं करतात. ‘पीक’ शब्द दिसला की आकडा वाढवतात आणि चित्र आणखी काळवंडतं.

विंडोजवर उलटीच तक्रार असते. `Use HDR` चालू केलं की चित्रपट ठीक, पण बाकीचं सगळं, डेस्कटॉप, ब्राउझर, फिकं किंवा मंद. तिथे एसडीआरचा पांढरा रंग एचडीआरच्या मोजपट्टीत कुठे बसवायचा हे ठरवावं लागतं. डिस्प्लेच्या एचडीआर पानावर `SDR content brightness` नावाची पट्टी आहे ती त्यासाठीच. मॉनिटरवरचा ब्राइटनेस एचडीआरमध्ये बहुधा गोठवलेला असतो, म्हणून हात या पट्टीवरच न्यावा. विंडोज ११ असेल तर `Windows HDR Calibration` हे ॲप एकदा चालवा. ते मॉनिटरचं खरं छत आणि तळ विचारून घेतं, कन्सोलच्या जुळवणीसारखंच. आणि मॉनिटर जेमतेम ३०० निटचा, भागागणिक बॅकलाइट मंद न करणारा असेल, तर मी तिथे एचडीआर बंदच ठेवतो. अशा पॅनेलवर अख्खा बॅकलाइट कमाल चढवावा लागतो, त्याने काळाही राखाडी होतो, आणि ढगासाठी म्हणून वर काहीच उरत नाही. त्यापेक्षा एसडीआर पडद्यावर एमपीव्हीने टोन मॅप केलेलं चित्र जास्त भरीव दिसतं.

काळाच तेवढा राखाडी आणि बाकी रंग ठीक, असं दिसलं तर तिसरीच भानगड असते. कॉम्प्युटर किंवा प्लेयर एचडीएमआयवर काळा रंग १६व्या पायरीपासून मोजून पाठवतोय आणि टीव्ही शून्यापासून मोजतोय. दोन्हीकडची रेंज, `Limited` किंवा `Full`, एकसारखी करा. टीव्हीत हेच सेटिंग `Black Level` या नावाने `Low` आणि `High` असंही दिसतं. पट्ट्या असलेला चित्रपट लावून बघा. वरखालच्या काळ्या पट्ट्या अंधारात भिंतीपेक्षा उजळ वाटायच्या थांबल्या की ते जुळलं, आणि टोन मॅपिंगचे पर्याय त्यानंतरच पुन्हा तपासा, कारण उचललेल्या काळ्यावर केलेली कोणतीही तुलना फसवी असते.